विश्लेषण : तेजीतला नफा अभ्यासाचा की नशिबाचा?

मार्च 2020 मध्ये देशात सुमारे 4 कोटी डीमॅट खाती होती. सप्टेंबर 2024 पर्यंत हा आकडा 17 कोटींच्या पुढे गेला. म्हणजे आज बाजारात असलेल्या बहुतांश खात्यांनी पहिली मोठी मंदी पाहिलेलीच नव्हती. करोनाच्या धक्क्याने निफ्टी 23 मार्च 2020 रोजी 7,610 वर बंद झाला आणि तिथून साडेचार वर्षांत 26 हजारांच्या वर पोहोचला. या काळात ज्याने जे घेतले ते बहुधा वाढलेच. कट्ट्यावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत ‘मी घेतला तेव्हा ऐंशीला होता’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण. प्रश्न इतकाच, की तो ऐंशीचा शेअर पाचशेला गेला तो घेणाऱ्याच्या अभ्यासाने, की सगळाच बाजार वर जात होता म्हणून?

मोबाइलचा पडदा काय दाखवतो?

एक उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण अशा खात्यांची हिशेबपद्धत नेमकी अशीच असते. समजा, एका तरुणाने जून 2020 च्या अखेरीस पाच छोट्या कंपन्यांत प्रत्येकी 20 हजार, असे एकूण 1 लाख रुपये गुंतवले. सप्टेंबर 2024 अखेर पहिल्या शेअरचे 1 लाख 30 हजार झाले, दुसऱ्याचे 80 हजार, तिसऱ्याचे 60 हजार आणि चौथ्याचे 35 हजार. पाचवा फसला. तो त्याने 2022 मध्ये 15 हजारांना विकून टाकला आणि ते पैसे घरखर्चात गेले.

आता तो ॲप उघडतो. तिथे चारच शेअर दिसतात. गुंतवणूक 80 हजार, आजची किंमत 3 लाख 5 हजार, नफा 281 टक्के, तोही हिरव्या अक्षरांत. विकलेला पाचवा शेअर या पानावर नाही. तो शोधायचा तर अहवालांच्या विभागात जाऊन नफा-तोट्याचे विवरण उतरवून घ्यावे लागते आणि ते सहसा विवरणपत्र भरायच्या दिवसांतच कोणी उघडतो. सगळे धरून खरा हिशेब 1 लाखाचे 3 लाख 20 हजार, म्हणजे 220 टक्के. तोही वाईट नाहीच. पण 281 आणि 220 मधला फरक कुणी फसवल्यामुळे आलेला नाही. चुका विकल्या की पडद्यावरून जातात आणि बरोबर आलेले अंदाज तिथेच राहतात, एवढेच घडते. चार-पाच वर्षे असा पडदा रोज पाहिला, की माणसाला आपण चुकतच नाही असे वाटू लागते.

तुलना कशाशी करायची?

पुढचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. 1 लाखाचे 3 लाख 20 हजार हे चांगले म्हणायचे, तर कशाच्या तुलनेत? याच काळात निफ्टी 10,300 च्या आसपासून 25,800 वर गेला, म्हणजे अडीच पट झाला. आपला तरुण तिपटीच्या पुढे आहे. तो म्हणणार, ‘मी बाजाराला हरवले.’

पण त्याने निफ्टीतल्या मोठ्या कंपन्या घेतल्याच नव्हत्या. त्याने छोट्या कंपन्या घेतल्या, जास्त जोखीम उचलली. तेव्हा तुलना स्मॉलकॅप निर्देशांकाशी व्हायला हवी, आणि हा निर्देशांक याच काळात सुमारे चौपट झाला. म्हणजे डोळे मिटून स्मॉलकॅप इंडेक्स फंडात 1 लाख टाकून झोपून राहिलेल्याकडे खर्च वजा जाऊन 4 लाखांच्या आसपास रक्कम असती. आपल्या तरुणाने रात्री जागून, व्हिडीओ पाहून, टेलिग्रामवरच्या गटांत हुज्जत घालून त्यापेक्षा सुमारे 80 हजार कमी मिळवले. त्याचे कौशल्य असलेच, तर ते उणे होते. पण त्याला हे कळण्याचा मार्गच नव्हता, कारण ॲपवर त्याच्या आकड्याशेजारी निर्देशांकाचा आकडा नव्हता.

(निर्देशांक पाहताना लाभांश धरलेला, म्हणजे ‘टोटल रिटर्न’ प्रकारचा घ्यावा. साध्या निर्देशांकात लाभांश नसतो, त्यामुळे आपली कामगिरी थोडी उगाचच उजळ दिसते.)

निव्वळ नशीब माणसाला काय शिकवते?

‘नशिबाला कौशल्य समजतात’ हा आरोप करणे सोपे आहे, सिद्ध करणे अवघड. कारण नफा मिळवणारा खरोखरच हुशार असू शकतो. मात्र भारतीय बाजारात एक जागा अशी आहे जिथे हुशारीचा संबंधच येत नाही, ती म्हणजे आयपीओची सोडत. किरकोळ गुंतवणूकदारांच्या वाट्यापेक्षा मागणी फार जास्त आली, की कोणाला लॉट मिळणार हे संगणक ठरवतो. अर्ज दोघांनी केला, रक्कम दोघांची सारखी, एकाला लागला आणि एकाला नाही. शाळेतल्या चिठ्ठ्यांसारखेच.

संतोष अनागोल, विमल बालसुब्रमण्यम आणि तरुण रामदोराय या अर्थशास्त्रज्ञांनी याच सोडतींचा अभ्यास केला आणि 2021 मध्ये तो ‘जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साधा आणि थोडा अस्वस्थ करणारा आहे. ज्यांना शेअर लागला आणि भाव वर उघडला, ते नंतर इतर आयपीओंना अधिक अर्ज करू लागले. त्यांच्या खात्यातले इतर व्यवहारही वाढले. त्या आयपीओच्या क्षेत्रातल्या कंपन्यांकडे त्यांचा ओढा वाढला. आणि ज्यांना लागलेला शेअर पडला, त्यांचे नेमके उलटे झाले. दोन्ही गटांत फरक होता तो केवळ सोडतीचा. सोडतीतून शिकण्यासारखे काही नसते, तरी माणूस शिकतो, आणि जे शिकतो ते स्वतःबद्दल असते. ‘मला आयपीओ कळतात’ किंवा ‘हे आपले काम नाही’, यातले एक.

सोडतीत दोन-चार आठवड्यांत एवढा परिणाम होत असेल, तर साडेचार वर्षांच्या अखंड तेजीत काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

नुकसान कुठे होते?

कोणी म्हणेल, वाटू दे ना त्याला हुशार, पैसे तर मिळाले. इथेच खरी गोम आहे. आत्मविश्वास वाढला की रक्कम वाढते, आणि ती तेजीच्या शेवटी वाढते.

आपल्या तरुणाकडेच परत येऊ. सप्टेंबर 2024 मध्ये तो हिशेब करतो, 1 लाखात एवढे मिळाले तर 6 लाखांत किती मिळतील? मुदत ठेव मोडून तो आणखी 6 लाख त्याच शेअरमध्ये टाकतो. आता बाजारात 9 लाख 5 हजार आहेत. पुढच्या पाच महिन्यांत स्मॉलकॅप निर्देशांक जवळपास पाव हिस्सा घसरला. त्याचे शेअरही 25 टक्के पडले असे धरू. उरले सुमारे 6 लाख 79 हजार. त्यात 2022 मधले 15 हजार मिळवले तर 6 लाख 94 हजार. खिशातून घातले होते 7 लाख.

वर जाताना 220 टक्के, खाली येताना फक्त 25 टक्के, आणि चार वर्षांची सगळी कमाई साफ. यात गणिताची कोणतीही जादू नाही. वाढ 1 लाखावर झाली आणि घसरण 9 लाखांवर.

काहींचा आत्मविश्वास याहून पुढे, फ्युचर्स-ऑप्शन्सपर्यंत जातो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या व्यवहारांतल्या 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर होता. लक्षात घ्या, ही वर्षे बाजाराच्या पडझडीची नव्हती. तीन वर्षे मिळून निफ्टी वाढलाच होता.

स्वतःचे कसे तपासायचे?

एक जुना आणि उपयोगी मार्ग म्हणजे भाव कशामुळे वाढला याची फोड करणे. समजा, शेअर 100 वरून 400 वर गेला. घेताना कंपनीची प्रतिशेअर मिळकत 10 रुपये होती, म्हणजे बाजार तिला मिळकतीच्या 10 पट भाव देत होता. आज मिळकत 16 रुपये आहे आणि बाजार 25 पट देतो. मिळकत 1.6 पट झाली, बाजाराचे औदार्य अडीच पट. दोन्हींचा गुणाकार चार. तुम्ही कंपनी ओळखली असेल तर तुमचे श्रेय फार तर त्या 1.6 मध्ये आहे. उरलेले अडीच पट तेजीने दिलेले आहे, आणि तेजी उतरली की पहिल्यांदा तेच परत जाते. या दोन्ही संख्या कोणत्याही शेअर-माहितीच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत मिळतात. मात्र घेतलेल्या दिवसाची संख्या तेव्हाच लिहून ठेवलेली बरी, आणि सोबत घेण्याचे कारणही दोन ओळींत. ‘नव्या कारखान्यामुळे विक्री वाढेल’ म्हणून घेतलेला शेअर कारखाना रखडूनही तिप्पट झाला असेल, तर पैसे खरे आहेत, अंदाज मात्र चुकलेला आहे.

या तपासणीलाही मर्यादा आहे. समजा, कोणी खरोखर कुशल आहे आणि दर वर्षी निर्देशांकापेक्षा सरासरी 5 टक्के जास्त मिळवतो. पण मोजक्या छोट्या कंपन्यांच्या पोर्टफोलिओत निर्देशांकापासूनचे वार्षिक अंतर सहज 20 टक्के इकडेतिकडे होते. हे 5 टक्के योगायोग नाहीत असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर म्हणायचे, तर लागणारा काळ निघतो 64 वर्षे. वर्षाला 10 टक्के जास्त मिळवणाऱ्यालाही 16 वर्षे लागतात. 2020 मध्ये खाते उघडलेल्याचा नफा कितीही मोठा असला, तरी त्यावरून तो कुशल आहे असे त्याला स्वतःलाही अजून सांगता येणार नाही. कुशल नाही, असेही नाही. तोवर प्रत्येक खरेदीच्या दिवशी तेवढीच रक्कम इंडेक्स फंडात टाकली असती तर आज किती झाली असती, हा रकाना स्वतःच्या वहीत वाढवता येतो, आणि पुढचे 6 लाख कुठे टाकायचे हे त्या रकान्याकडे पाहून ठरवता येते.