पुण्याचं भाडं दोनच महिने भरा

आमच्या बेळगावात डिग्री झाली की एकच प्रश्न, "पुण्याला जातोयस काय?" मीही एमबीएसाठी पुणंच धरून बसलेलो. मग एका रात्री वहीत हिशेब मांडला आणि बेत बदलला.

चौकशीत मिळालेले आकडे असे होते. पुण्यात तिघांच्या खोलीत कॉट ६,०००, मेस ३,५००, बस आणि वरखर्च १,५००, म्हणजे महिन्याला ११,०००. कोल्हापुरात तेच सगळं ६,००० त बसत होतं. फी मी मुद्दाम बाजूला ठेवली, कारण दोन्हीकडच्या ज्या कॉलेजांचा विचार होता त्यांच्या फीत फार अंतर नव्हतं. खाजगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या आकड्यावर जाऊ नका. आणि हॉस्टेल-मेस त्यात धरलेली नसते हं.

आता मला पुणं कशाला पाहिजे होतं? इंटर्नशिपला. एमबीएची इंटर्नशिप साधारण दुसऱ्या सेमिस्टरनंतर, दोनेक महिन्यांची. म्हणजे दोन महिन्यांसाठी मी बावीस महिन्यांचं पुण्याचं भाडं भरणार होतो! बावीस महिने पुण्यात राहिलो तर २,४२,०००. वीस महिने कोल्हापूर आणि दोन महिने पुणे केलं तर १,२०,००० अधिक २२,०००, म्हणजे १,४२,०००. फरक सरळ एक लाखाचा. डिपॉझिट वेगळंच.

यात एक खोट आहे, ती लपवत नाही. हिंजवडीतल्या कंपन्या पुण्याच्या कॉलेजात स्वतः येतात, आपल्याला मात्र त्यांच्याकडे जावं लागतं. जानेवारीपासून अर्ज, मेल, ओळखीपाळखी सुरू कराव्या लागतात. आयटी किंवा फायनान्सच करायचं असेल आणि पुण्याचं चांगलं कॉलेज मिळत असेल तर तो लाख खर्च करण्यात अर्थ आहे. पण उत्पादन, खरेदी, गुणवत्ता असल्या कामात जायचं असेल तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथंच कारखाने आहेत. निपाणीकराला तर घरातून ये-जा जमते. बेळगावात राहणाऱ्यानं उद्यमबागही विसरू नये. घरचं जेवण सगळ्यात स्वस्त, की नाही?

महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागासाठी वेगळी उमेदवारी आहे. त्यासाठी सीमाभागाचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. माझ्या वर्गातल्या एकानं हे दाखले शेवटच्या आठवड्यात मागितले, ते वेळेत आले नाहीत, आणि त्याचा अर्ज बाहेरच्या राज्याचा म्हणून गेला. सीईटीचा फॉर्म भरतानाच दाखल्यांच्या मागे लागा. फीसवलत सीमाभागाला लागू आहे काय, तेही कॉलेजकडून लेखी घ्या.

आणि प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत हॉस्टेलच्या खोल्या भरलेल्या असतात. पहिला महिना खाजगी कॉटवर काढायला लागणार, तेवढे पैसे वेगळे ठेवून निघा.