फक्त लेखच लिहायचे असतील तर ब्लॉगर, वर्डप्रेस की न्यूजलेटर?

तुम्हाला दुकान चालवायचं नाही, सजावटीची हौस नाही, फक्त लेख लिहून लोकांपर्यंत पोचवायचे आहेत. मग माझं मत सरळ आहे : ब्लॉगर घ्या. त्याचं रूप जुनाट दिसतं हे खरं, पण लेखनासाठी तेवढं पुरतं.

आपला मराठी वाचक लेखापर्यंत येतो तो बहुधा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून. म्हणून लेखाचा पत्ता कसा दिसतो हे आधी बघा. समजा, शीर्षक आहे 'माझ्या आजोळचा वाडा'. ब्लॉगरला देवनागरी शीर्षकातून पत्ता करता येत नाही. तो शेवटी नुसतं हे लिहितो :

```
blog-post.html
```

पुढच्या लेखांनाही तेच, फक्त मागे आकडे लागतात. वर्डप्रेस उलट करतं. ते देवनागरी ठेवतं, पण लिंक कॉपी केली की प्रत्येक अक्षर, काना, मात्रा यांची नऊ-नऊ चिन्हं होतात. 'म' चं होतं `%E0%A4%AE`. या तीन शब्दांच्या शीर्षकाची १४६ चिन्हं होतात! अशी लिंक पाहून वाचणारा म्हणतो, हे काय भलतंच आलंय? शीर्षक लांब असेल तर २०० चिन्हांच्या आसपास पत्ता तुटतोही.

उपाय दोन्हीकडे एकच. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता रोमन अक्षरांत स्वतः लिहा, `majhya-ajolcha-vada` असा. ब्लॉगरवर लेखाच्या उजवीकडे Permalink मध्ये ती सोय आहे. हे नंतर करू म्हणू नका, कारण ब्लॉगरवर पत्ता बदलला की आधी पाठवलेल्या लिंका बंद पडतात.

मग वर्डप्रेस का नको? त्याचा प्रोग्राम फुकट आहे, पण तो स्वतःच्या जागेवर चालवायचा तर होस्टिंगचं भाडं भरत राहावं लागतं, प्लगिन वेळोवेळी अपडेट करावे लागतात. भाडं थकलं की लेख दिसेनासे होतात. घरात कुणी हे सांभाळणारं असेल तर जरूर घ्या.

सबस्टॅकसारखं न्यूजलेटर हा वेगळा प्रकार. तिथे लेख वाचकाच्या ईमेलमध्ये जातो आणि वाचकांच्या पत्त्यांची यादी उतरवून घेता येते. ही सोय ब्लॉगरकडे आता नाही. नवा लेख ईमेलने पाठवणारी फीडबर्नरची सेवा २०२१ मध्ये बंद झाली. पण तुमचे वाचक रोज ईमेल उघडतात का? परगावी, परदेशी नोकरी करणारे उघडत असतील. गावाकडचे काका-मावशी उघडत नाहीत, त्यांना लिंकच पाठवावी लागते.

ब्लॉगरची खरी जोखीम एकच : घर गूगलचं आहे. म्हणून जमलं तर स्वतःचं डोमेन विकत घेऊन जोडा. त्याचं वार्षिक शुल्क भरावं लागतं, पण ब्लॉगर जोडणीचे पैसे घेत नाही. उद्या वर्डप्रेसवर जायचं ठरलं तरी डोमेन तुमच्याबरोबर येतं. आणि दर दोन-तीन महिन्यांनी सेटिंग्जमधून सगळ्या लेखांचा बॅकअप उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.