चहात दूध का नासते?
दुधातील केसीन हे प्रथिन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असते आणि कणांवरील ऋण विद्युतभारामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. आम्ल वाढले की हा भार घटतो, कण एकत्र येतात व दूध नासते. आम्लता मोजणारा सामू (तो जितका कमी, तितके आम्ल अधिक) ताज्या दुधात सुमारे ६.७ असतो, आणि थंड दुधाचे दही होण्यासाठी तो ४.६ च्या आसपास यावा लागतो. उकळत्या दुधात मात्र कणांची टक्कर वाढत असल्याने सामू त्याहून बराच वर असतानाच गुठळ्या धरू लागतात. म्हणूनच रात्रभर ओट्यावर राहिलेले, जिवाणूंनी थोडे लॅक्टिक आम्ल तयार केलेले दूध चवीला गोड लागले, तरी सुमारे ५ सामू असलेल्या कडक, गरम कॉफीत पडताच फाटते, तर ताजे दूध तीच कॉफी सहज पचवते. दोष कोणाचा, हे ओळखण्यासाठी चमचाभर दूध वेगळे उकळावे: तेथेच फाटले तर दूध शिळे; टिकले, पण गुळाच्या चहात फाटले, तर कारण बहुधा गुळातील आम्लात शोधावे, आणि अशा वेळी आच बंद करून गूळ शेवटी घालणे हितावह ठरते.