चेहरा जुळला म्हणजे गुन्हेगार सापडला, असे नाही

यवतमाळच्या बसस्थानकावर चेहरे ओळखणारे कॅमेरे लावले तर काय होईल, याचा हिशेब मांडून पाहू. समजा, दिवसाला दहा हजार चेहरे कॅमेऱ्यासमोरून गेले आणि यंत्र हजारात एकदाच चुकले. तरीही रोज दहा निरपराध माणसे संशयित ठरतील. खरा फरारी मात्र तिथे महिन्यातून एखादाच उतरेल.

मुळात ‘हाच तो’ असे यंत्र सांगतच नाही. ते दोन फोटोंतल्या साम्याला गुण देते. किती गुणांना ‘जुळले’ म्हणायचे ते माणसे ठरवतात. दिल्ली पोलिसांनी ही रेषा 80 टक्क्यांवर ठेवल्याचे 2022 साली माहिती अधिकारातून कळले. रेषा खाली आणली की निर्दोष अडकतात, वर नेली की गुन्हेगार निसटतात.

खरा घोळ पुढे होतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये दुकानातून घड्याळे चोरीला गेली. अंधूक चित्रणातला चेहरा यंत्राने एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या वाहन परवान्यावरील जुन्या फोटोशी जुळवला. पोलिसांनी तो फोटो आणखी पाच फोटोंत मिसळून दुकानाच्या सुरक्षा कर्मचारी बाईंना दाखवला. चोरीच्या वेळी त्या तिथे नव्हत्या, त्यांनी फक्त चित्रण पाहिले होते. त्यांनी त्याच फोटोवर बोट ठेवले. ठेवणारच, कारण यंत्राने चोरासारखा दिसणाराच माणूस निवडला होता! जानेवारी 2020 मध्ये त्या गृहस्थाला बायको-मुलींसमोर बेड्या पडल्या. 2024 च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांनी मान्य केले, की यंत्राच्या उत्तरावरून थेट अटक होणार नाही आणि त्यावरून थेट फोटोंची ओळखपरेडही होणार नाही.

आपल्याकडे प्रश्न आणखी खोल आहे. यंत्र शोधते ते पोलिसांच्या यादीत, आणि यादीत ज्याला वारंवार उचलले जाते तोच असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांवर हे वेगळे सांगायला नको. गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्यातून 1952 साली पुसला गेला, तरी चोरी झाली की गाडी आधी बेड्यावरच जाते. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्येही बजावावे लागले. निर्दोष सुटलेल्यांचे फोटो यादीतून काढले नाहीत, तर जुना संशयच नव्या यंत्रात भरला जाईल.

तरी सरसकट बंदी मला पटत नाही. हरवलेले मूल, बेवारस मृतदेह किंवा खुनाच्या तपासात हाती असलेले एकच चित्रण, अशा ठिकाणी हे यंत्र आठवड्यांचे काम तासांवर आणू शकते. तिथे वापरा. बसस्थानकावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तपासायला मात्र माझा ठाम विरोध आहे. गुन्ह्याच्या तपासात यंत्र वापरले, तर मूळ चित्र, मिळालेले गुण आणि यंत्राने सुचवलेली इतर नावे केस डायरीत लिहावीत आणि आरोपपत्रासोबत आरोपीच्या वकिलाला द्यावीत. आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता का, हे अटकेआधी तपासावे. त्याला मोबाइलची नोंद, हजेरीपट किंवा शेजाऱ्याचा जबाबही पुरतो.