भोर की मोर?

हस्तलिखिते टंकित करण्याचे काम संगणकाऐवजी मोबाइलवर दिले, की त्याचे स्वरूपच बदलते. संगणकाच्या पडद्यावर अख्खे पान वाचता येते. मोबाइलवर एकेक शब्द सुटा करून द्यावा लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रामीण भारतातील नवख्यांनी साध्या स्मार्टफोनवर असे देवनागरी शब्द ९६.७ टक्के अचूक टंकित केले.

उरलेल्या चुकांचे एक कारण संदर्भ तुटण्यात असू शकते. ‘उत्रोली, ता. भोर’ ही ओळ पूर्ण दिसली, तर शंका उरत नाही. सुटा ‘भोर’ मात्र ‘मोर’ वाचला जाऊ शकतो. तोच शब्द तिघांना दिला, तरी तिघेही तसेच चुकू शकतात. म्हणून एकमत ही अचूकतेची हमी नव्हे. शब्दाशेजारचा मजकूरही दाखवणे हाच साधा उपाय.