विश्लेषण : गाडी बदलली, विमा कंपनी बदलली… मग 'नो क्लेम बोनस'चे काय होते?

जुनी गाडी विकून नवी घेताना एक्स्चेंज बोनस, ॲक्सेसरीज, कर्जाचा हप्ता या सगळ्यावर घासाघीस होते. पण अनेक वर्षे क्लेम न घेता कमावलेली विम्यातली सवलत बऱ्याचदा जुन्या गाडीबरोबरच सोडून दिली जाते. ही सवलत नेमकी कोणाची असते आणि ती टिकवायची कशी?

नो क्लेम बोनस म्हणजे काय?

कारच्या विम्याचे दोन भाग असतात. अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा 'थर्ड पार्टी' आणि आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई देणारा 'ओन डॅमेज'. नो क्लेम बोनस, म्हणजेच एनसीबी, फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, सलग दोन वर्षे नसेल तर २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे तो वाढत नाही. मध्येच ओन डॅमेजचा क्लेम घेतला, तर पुढच्या नूतनीकरणाला तो सहसा थेट शून्यावर येतो.

कंपनी बदलली तर तो जातो का?

नाही. बोनस विमा कंपनीचा नसतो, गाडीचाही नसतो. तो पॉलिसीधारकाचा असतो. त्यामुळे एका कंपनीकडे कमावलेला बोनस दुसऱ्या कंपनीला मान्य करावा लागतो. पुरावा म्हणून जुनी पॉलिसी किंवा नूतनीकरणाची नोटीस पुरते.

खरा धोका इथे वेगळा आहे. ऑनलाइन पॉलिसी घेताना 'गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का?' असा प्रश्न येतो. हप्ता कमी दिसावा म्हणून कधी ग्राहक, तर कधी एजंट तिथे 'नाही' असे उत्तर देतो. पॉलिसी लगेच हातात पडते, पण नवी कंपनी जुन्या कंपनीकडे पडताळणी करू शकते. क्लेम घेतल्याचे उघड झाले, तर ओन डॅमेजचे फायदे गमवावे लागतील असे त्या घोषणापत्रातच लिहिलेले असते. म्हणजे वाचलेल्या दोन-तीन हजारांपायी लाखभराचा क्लेम अडकू शकतो. एजंटने पॉलिसी काढली असेल, तर त्यावर छापलेली बोनसची टक्केवारी जुन्या पॉलिसीशी स्वतः ताडून पाहावी.

नवी गाडी घेतल्यावर काय?

समजा, एका हॅचबॅकचा ओन डॅमेज हप्ता ६,००० रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के बोनस आहे. तो ३,००० रुपये भरतो. आता तो ही गाडी विकून मोठी कार घेतो. नव्या गाडीची किंमत जास्त, त्यामुळे तिचा ओन डॅमेज हप्ता २२,००० रुपये आहे. बोनस सोबत नेला, तर त्याला ११,००० रुपयेच भरावे लागतील (जीएसटी आणि थर्ड पार्टीचा हप्ता वेगळा). जुन्या गाडीवर ३,००० वाचवणारा बोनस नव्या गाडीवर ११,००० वाचवतो. तो सोडून दिला, तर पूर्ण २२,००० भरून पुन्हा शून्यापासून सुरुवात.

त्यासाठी काय करावे लागते?

गाडी विकल्यावर जुन्या विमा कंपनीकडे अर्ज करून बोनस राखून ठेवल्याचे प्रमाणपत्र मागायचे. सोबत विक्रीचा पुरावा लागतो. साधारणपणे फॉर्म २९ची प्रत, गाडी ताब्यात दिल्याची पावती आणि आरसीची प्रत मागतात. हे प्रमाणपत्र नव्या गाडीचा विमा काढताना द्यायचे. त्यानंतर विमा शोरूममधून घेतला काय किंवा बाहेरून, बोनस लागू होतो. लगेच नवी गाडी घेणार नसाल, तरी हे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते.

जुनी गाडी घेणाऱ्याला मात्र हा बोनस मिळत नाही. पॉलिसी त्याच्या नावावर करताना उरलेल्या मुदतीतल्या सवलतीचा फरक कंपनी वसूल करते.

मर्यादा कोणत्या?

बोनस त्याच प्रकारच्या वाहनावर जातो. स्कूटरचा बोनस कारवर चालत नाही. एकच बोनस एकाच वेळी दोन गाड्यांवरही वापरता येत नाही. जुनी कार घरात ठेवून दुसरी घेतली, तर दोन्हींवर ५० टक्के मिळणार नाहीत.

आणि गाडी तुमच्याकडेच असेल, तर तारीख सांभाळा. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर एकही क्लेम न घेता पाच वर्षांचा बोनस संपतो. प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत गाडी विकलेल्यांसाठी आहे, नूतनीकरण विसरलेल्यांसाठी नाही.