पाणी तोडून अंथरूण कोरडे राहत नाही

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बद्धकोष्ठता हा अपवाद नसून नेहमीचा प्रकार आहे. अर्धे अंग लुळे पडले की चालणे थांबते आणि आतड्यांची हालचालही मंदावते. गिळायला त्रास होतो म्हणून खाणेपिणे घटते. लोहाच्या गोळ्या आणि काही वेदनाशामके मळ आणखी घट्ट करतात. वाचा गेली असेल तर परसाकडची भावना झाली तरी ती सांगता येत नाही. हाक वेळेवर ऐकली गेली नाही की भावना विरते, मळ आत तसाच राहतो आणि त्यातले पाणी आतडे शोषत राहते.

ही बद्धकोष्ठता आणि ओले होणारे अंथरूण यांवर घरोघरी जे उपाय चालतात ते तीन: पाणी कमी पाजायचे, दिवसभर डायपर बांधून ठेवायचा आणि चार-पाच दिवस काही झाले नाही की जोराचा जुलाब द्यायचा. यामागे निष्काळजीपणा नसतो. रात्री तीनदा चादरी बदलणाऱ्या सुनेला किंवा बायकोला पाण्याचा एक पेला कमी करावासा वाटणे साहजिक आहे. पण तिन्ही उपाय ज्या त्रासापासून सुटका करायची तोच वाढवतात.

पाणी कमी केले की लघवी कमी होते, हा हिशेब अर्धाच खरा आहे. कमी पाण्याने लघवी गडद आणि तीव्र होते, मूत्राशयाला झोंबते, त्यामुळे थोडी थोडी पण वारंवार लागते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. शिवाय शरीर आपली पाण्याची गरज मोठ्या आतड्यातून भागवते, म्हणजे मळ दगडासारखा होतो. पाणी ठसक्याने फुफ्फुसात जाईल ही भीती मात्र खरी आहे. त्यावरचा उपाय पाणी तोडणे हा नाही. गिळण्याची तपासणी करून घ्यावी, सांगितले असेल तर पाणी घट्ट करणारी पूड सांगितलेल्या प्रमाणात मिसळावी, रुग्णाला ताठ बसवून लहान घोट द्यावेत आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असल्याने डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तीच पाळावी. बाकीच्यांना दिवसाकाठी साधारण दीड ते दोन लिटर द्रव लागतो.

जुलाबाबद्दल अधिक सावध राहायला हवे. एरंडेलाने एकदा पोट धुऊन निघते, अंगातले पाणी जाते आणि पुढचे काही दिवस आतडी पुन्हा थंड पडतात. इसबगोल निरुपद्रवी समजला जातो, पण तो पाणी शोषून फुगतो. पुरेसे पाणी न पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात त्याचाच बोळा अडकू शकतो. गिळता न येणाऱ्याच्या घशातही तो अडकतो. लिक्विड पॅराफिन असलेले पातळ औषध तर गिळण्याची अडचण असलेल्यांना देऊच नये. हे तेल ठसका न लागताही फुफ्फुसात उतरते आणि तिथे सूज आणते. बाटलीवरचे घटक वाचण्याचे हे एक ठोस कारण आहे.

सर्वांत फसवी चूक वेगळीच आहे. उदाहरणादाखल एक घर घ्या. अडुसष्ट वर्षांचे सासरे, उजवी बाजू लुळी, बोलणे गेलेले, रुग्णालयातून आणून तीन आठवडे झालेले. चार दिवस संडास नाही. पाचव्या दिवशी डायपरमध्ये तपकिरी, दुर्गंधीयुक्त पाणी. दिवसात पाच-सहा वेळा, दर वेळी चमचाभर. सून समजते की जुलाब लागले. ती जुलाब थांबवण्याची गोळी देते, पाणी आणि फळे बंद करते. दोन दिवसांत पोट फुगते, जेवण नकोसे होते, सासरे अस्वस्थ होऊन डाव्या हाताने चादर ओढत राहतात. खरे तर हे जुलाब नव्हेत. मलाशयात घट्ट खडा बसला आहे आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने पाझरतो आहे. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने तपासले की निदान मिनिटभरात होते. खडे आधी एनिमाने मऊ करून काढावे लागतात. घरी बोट घालून ते उकरू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना तिथली जखम भळभळते. आधी बरेच दिवस कोरडे आणि मग थोडे थोडे, ताबा नसलेले पातळ, असा क्रम दिसला तर जुलाब थांबवण्याची गोळी हातात घेऊ नये.

खडा निघाल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते औषधापेक्षा वेळेचे आहे. पोटात अन्न गेले की मोठे आतडे आपोआप हलते आणि सकाळी ही हालचाल सर्वांत जोरकस असते. पक्षाघातानंतरही ही प्रतिक्षिप्त क्रिया बहुधा शाबूत असते. डायपरवर सोपवलेल्या घरात ती रोज वाया जाते. म्हणून सुनेने सकाळी कोमट पाणी, मग चहा-नाश्ता द्यावा आणि वीस ते तीस मिनिटांनी सासऱ्यांना कमोडच्या खुर्चीवर बसवावे. भावना झाली असो वा नसो, रोज त्याच वेळी. खुर्ची त्यांच्या धडधाकट, म्हणजे डाव्या बाजूला लावावी, ब्रेक घट्ट करावेत आणि लुळा हात धरून कधीही ओढू नये. पायांखाली पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आणावेत, उजव्या कुशीला उशी द्यावी, अंग थोडे पुढे झुकवावे. आडवे पडून भांड्यावर संडास करणे निरोगी माणसालाही जड जाते. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. कुंथायला लावू नये, त्याने रक्तदाब चढतो. दार लोटून घ्यावे, पण एकटे सोडू नये.

द्रवाचा हिशेब लक्षात ठेवण्यापेक्षा बाटलीवर सोपवावा. सकाळी लिटरभराची बाटली भरावी आणि गोळ्यांचे, जेवणाचे, मधले सगळे पाणी त्यातूनच द्यावे. चहा, ताक, पातळ वरण यांतून आणखी अर्धा लिटर जातो. संध्याकाळी सहापर्यंत बाटली रिकामी झाली पाहिजे. त्यानंतर गोळ्यांपुरते घोट. दिवसा दर दोन तासांनी लघवीला विचारावे, झोपण्यापूर्वी एकदा बसवावे. रात्र कोरडी राहते ती या वेळापत्रकाने. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरत आहे. गडद असेल, जीभ कोरडी असेल, झापड वाढली असेल तर कमी पडते आहे.

उशाशी एक वही असावी: तारीख, वेळ, मळ कसा. ब्रिस्टल तक्त्यात मळाचे सात प्रकार आहेत. लेंड्यांसारखा पहिला, पाण्यासारखा सातवा, मऊ आणि सलग तिसरा-चौथा. वहीत तिसरा-चौथा दिसत असेल तर एक दिवसाआड झाले तरी ते पुरेसे आहे. रोज झालेच पाहिजे हा हट्ट जुलाबाच्या चक्रात ढकलतो. पहिला-दुसरा दिसू लागला तर डॉक्टरांनी ठरवलेले लॅक्टुलोज रात्री द्यावे. ते एक-दोन दिवसांनी काम करते, त्यामुळे सकाळी गुण दिसला नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नये. तिसऱ्या दिवशीही काही झाले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बायसाकोडिलची सपोझिटरी द्यावी. ती मळात न खुपसता मलाशयाच्या भिंतीला टेकवावी लागते, नाहीतर वाया जाते.

फुगलेल्या पोटासोबत उलट्या, वायूही न सरणे, काळा डांबरासारखा किंवा रक्ताचा मळ, यांपैकी काहीही दिसले तर वही, बाटली, सपोझिटरी बाजूला ठेवून रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.